पेपर वाचणाऱ्या घाबरलेल्या विद्यार्थिनीची ओळख कशी करून द्यावी?

"आमच्या कॉलेजात येत्या शनिवारी विद्यार्थ्यांचा परिसंवाद आहे. मी लेक्चर बेसिसवर शिकवते आणि एका सत्राचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. त्यात टीवायची एक मुलगी पहिल्यांदाच पेपर वाचणार आहे. विषय खाजन शेतीचा, म्हणजे नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या आपल्या गोव्यातल्या शेतीचा. काम मनापासून केलंय, पण तालमीत तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तिची ओळख करून देताना काय बोलू म्हणजे तिला धीर येईल?"

धीर देणारे शब्द शोधत बसू नका. तशा शब्दांचा उपयोग होतो तो आदल्या दिवशी, दोघीच बोलत असताना. सभागृहात माइकवरून बोललेला प्रत्येक शब्द आधी श्रोत्यांच्या कानावर पडतो आणि मग तिच्यापर्यंत पोचतो. त्यामुळे तुमच्यापुढचं खरं काम आहे ते हे, की तिची पहिली दोन वाक्यं तिच्या तोंडून सुरळीत बाहेर पडली पाहिजेत. पेपर वाचणाऱ्याची भीती सगळ्यात जास्त असते ती नाव पुकारलं जाण्याआधीच्या क्षणांत आणि बोलायला उभं राहिल्यावरच्या पहिल्या मिनिटात. पुढे ती आपोआप उतरत जाते. विद्यार्थ्यांच्या सत्रांत मी वर्षानुवर्षं बसत आलेय. ज्याचा आवाज पहिल्या स्लाइडला थरथरत असतो, तोच तिसऱ्या-चौथ्या स्लाइडला मान वर करून बोलू लागलेला असतो. तुमची ओळख संपते तिथेच तिचं ते अवघड मिनिट सुरू होतं, म्हणून ती ओळख त्या मिनिटासाठीच लिहायची.

तेव्हा पहिली गोष्ट, तिच्या भीतीचा उल्लेख अजिबात नको. "आज ती पहिल्यांदाच बोलतेय, थोडी घाबरली आहे, तर तिला जोरदार टाळ्यांनी प्रोत्साहन द्या" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि बोलणाऱ्याचा हेतू नेहमी चांगलाच असतो. पण त्याने होतं काय, तर तोवर जी गोष्ट फक्त तिला ठाऊक होती ती सगळ्या सभागृहाला कळते. आता प्रत्येक जण तिचे हात बघतो, आवाज कापतोय का ते ऐकतो, आणि खाजन राहतं बाजूला. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. भाषण करणाऱ्याला वाटत असतं की आपली घालमेल समोरच्यांना स्पष्ट दिसतेय, प्रत्यक्षात ती फार कमी दिसते. ज्या विद्यार्थ्यांना भाषणाआधी एवढंच समजावून सांगितलं होतं, त्यांचं भाषण त्यांना स्वतःलाही जास्त बरं वाटलं आणि ऐकणाऱ्यांनाही. हे तुम्ही तिला जरूर सांगा, पण आदल्या दिवशी आणि एकटीला: "तुझी धडधड तुला ऐकू येते, आम्हाला नाही." आणि मग व्यासपीठावरून स्वतःच ती धडधड जाहीर करू नका.

याच जातीचं आणखी एक वाक्य आहे आणि ते जास्त बोचतं. "सत्तरीसारख्या आडवळणाच्या भागातून येऊनही...", "मराठी माध्यमातून शिकूनही...". गोव्यात आपली बरीचशी मुलं प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून करतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. समोर बसलेल्यांपैकीही कित्येक जण त्याच वाटेने आलेले असतात. असं असताना तिच्या गावाला आणि शाळेला 'ही' लावून ती एक उणीव असल्यासारखी मांडायची, म्हणजे कौतुक करता करता तिला एक पायरी खाली उभं करायचं. तिचं गाव विषयाशी जोडलेलं असेल, म्हणजे घरची शेतीच खाजनात असेल, तर ते जरूर सांगावं, कारण मग ती तिच्या कामाची ताकद ठरते. तसं नसेल तर गावाचं नाव घेण्याचं कारण नाही.

फाजील स्तुतीही टाळा. "अत्यंत हुशार, अष्टपैलू, आमच्या विभागाचा अभिमान" ऐकून घाबरलेल्या मुलीला आधार मिळत नाही. आता या सगळ्याला आपल्याला पुरं पडायचंय, असं तिच्या मनात येतं. शिवाय या विशेषणांतून श्रोत्यांना तिच्या पेपराबद्दल काहीच कळत नाही.

मग बोलायचं काय? त्यासाठी आधी तिला भेटा. एक-दोन दिवस आधी दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण स्टाफरूममध्ये बोलावू नका. जिथे पेपर वाचायचा आहे त्या सभागृहातच, पोडियमपाशी उभ्या राहून बोला. तिचा बायोडेटा मागू नका, कारण तो वाचला की ओळख कंटाळवाणी झालीच म्हणून समजा. तिला मी साधारण असं विचारते: तुझं पूर्ण नाव कसं घेऊ, वडिलांच्या नावासकट की आडनावापुरतं? शीर्षक तू कसं म्हणतेस ते म्हणून दाखव. हे काम करायला तू प्रत्यक्ष कुठे गेलीस? तिथे गेल्यावर कुठली गोष्ट वाटली होती त्यापेक्षा वेगळी निघाली? आणि शेवटचं, तू उभी राहिल्यावर तुझं पहिलं वाक्य काय असेल?

यातला चौथा प्रश्न सोनं आहे. बायोडेटाबद्दल विचारलं तर मान खाली घालून उत्तरं देणारी मुलगी या प्रश्नाला डोळे वर करून उत्तर देते. खाजनावर काम केलेली मुलगी कदाचित म्हणेल, "मॅडम, बांधात पाणी अडवायला मानस असते ना, मला वाटायचं तिची दारं दर वेळी कोणीतरी जाऊन बंद करतो. पण भरतीच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटतात." बस्स, तुमची ओळख इथून लिहायला घ्यायची.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा येतं, "गुड मॉर्निंग, मान्यवर पाहुणे, प्राचार्य, प्राध्यापक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो..." हे लांबलचक संबोधन घाबरलेल्या वक्त्याचा घात करतं. पाठ केलेलं असतं, मध्येच कोणाचं तरी पद विसरायला होतं आणि पहिल्याच वाक्याला पाय अडखळतो. तिला सांगा, मान्यवरांची नावं मी सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांच्या वतीने घेणार आहे, तू नुसता नमस्कार कर आणि थेट कामाला लाग. मग दोघी मिळून तिचं खरं पहिलं वाक्य ठरवा. ते छोटं असावं, तिने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं असावं आणि त्यात आकडा किंवा अवघड संज्ञा नसावी. समजा तिने ठरवलं, "आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि मानशीची दारं उघडी होती." असं वाक्य पाठ करावं लागत नाही. ते दृश्य आठवलं की वाक्य आपसूक येतं.

आता तिच्या या वाक्यापर्यंत आणून सोडणारी ओळख लिहायची. मी तुमच्या विद्यार्थिनीचा पेपर पाहिलेला नाही, तेव्हा विषय धरून एक नमुना देते. नावाच्या जागी 'अमुक' लिहिलंय.

"मांडवीला भरती आली की खारं पाणी खाजनाच्या बांधापर्यंत येतं. ते शेतात घुसू नये म्हणून बांधात मानस बसवलेली असते. भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. पण लाकूड कुजतं, बांधाला भगदाड पडतं. तेव्हा दुरुस्तीला कोण जातं आणि पैसे कोण घालतं? एके काळी हे गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, बघायची. आज काय चित्र आहे, हे पाहायला आपल्या टीवाय भूगोलाची विद्यार्थिनी तिसवाडीतल्या एका गावात गेली, बांधावरून चालली, शेतकऱ्यांशी बोलली. तिच्या पेपराचं शीर्षक आहे, 'खाजनातली मानस: देखभाल कोणाची?' मांडते आहे, अमुक अमुक."

सावकाश वाचलं तरी हे एका मिनिटाच्या आसपास संपतं. विद्यार्थी वक्त्याच्या ओळखीला यापेक्षा जास्त वेळ घेऊ नये, कारण तुम्ही बोलत असता तेव्हा ती बाजूला उभी राहून वाट पाहत असते, आणि ही वाट पाहणं हाच भीतीचा सगळ्यात वाईट भाग.

या ओळखीत काय घडतंय ते बघा. सुरुवातीची वाक्यं तिच्याबद्दल नाहीतच. श्रोत्यांत कॉमर्सची मुलं असतील, बाहेरगावचे पाहुणे असतील, ज्यांनी मानस कधी पाहिलेली नाही. त्यांना तेवढी माहिती तुम्ही दिलीत, म्हणजे व्याख्या सांगण्याचं ओझं तिच्या पहिल्या मिनिटातून गेलं. मग एक प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर कोणाला माहीत आहे, तर तिला. 'बांधावरून चालली, शेतकऱ्यांशी बोलली' यात एकही विशेषण नाही, तरी समोरच्याला कळतं की या मुलीने मेहनत केलीय. ते तिलाही ऐकू जातं आणि ते खरं असल्यामुळे नाकारता येत नाही. शेवटी आलं नाव. श्रोते प्रश्नाचं उत्तर ऐकायला आतुरलेले, आणि ती म्हणते, "नमस्कार. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती..." जोड दिसतच नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. तिचा निष्कर्ष तुमच्या तोंडून जाता कामा नये. समजा तिच्या पेपरात पुढे असं आलंय की 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाचे पैसे दुरुस्तीला किती पुरतात हा तिथला कळीचा मुद्दा आहे. हे तुम्हाला माहीत असलं, कितीही आवडलेलं असलं, तरी ओळखीत आणू नका. ओळख लांबली आणि मुद्दे खाऊन बसली, हे लगेच ओळखू येतं. वक्ता पहिली स्लाइड घाईघाईने पुढे सरकवतो आणि म्हणतो, "मॅडमनी हे सांगितलंच आहे." तिथे त्याचा आराखडा कोलमडतो, आणि घाबरलेल्या वक्त्याकडे दुसरा आराखडा नसतो. तसंच पहिलाच शब्द "सॉरी" आला किंवा "मला फारसं येत नाही, पण..." अशी सुरुवात झाली, तर समजावं की ओळखीतलं काहीतरी तिला खाली ओढून गेलं.

आता उभं कुठे राहायचं, नाव कधी घ्यायचं, हे. लोक याकडे लक्ष देत नाहीत, पण माझ्या मते अर्धी लढाई इथे जिंकली जाते. नेहमीची पद्धत अशी की सूत्रसंचालक नाव पुकारतो, मुलगी मागच्या रांगेतून उठते, पायऱ्या चढते, पेनड्राइव्ह लावते, फाइल सापडत नाही, माइक उंच असतो, आणि एवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत बसलेले. तिचं ठरलेलं पहिलं वाक्य या धांदलीतच विरून जातं. म्हणून तिला पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवा. आधीच्या वक्त्याची प्रश्नोत्तरं संपत आली की नजरेने खूण करा. ती येऊन पोडियमपाशी उभी राहील, माइक तिच्या उंचीला आणला जाईल, शीर्षकाची स्लाइड पडद्यावर येईल आणि मग तुम्ही ओळख सुरू कराल. तुम्हाला दुसरा माइक मिळाला तर उत्तमच. नाव घेतलंत की तिच्याकडे वळून बघा, टाळ्या सुरू करा आणि एक पाऊल बाजूला व्हा. लगेच खुर्चीकडे चालू लागू नका. तिची दोन वाक्यं होईपर्यंत तिथेच, तिला दिसाल अशा उभ्या राहा. तिला बघायला एक ओळखीचा चेहरा लागतो.

स्लाइड मराठीत असतील तर एक बारीकशी गोष्ट. विद्यार्थी घरच्या संगणकावर एखाद्या जुन्या फॉन्टात टाइप करतात, आणि कॉलेजच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पडद्यावर अगम्य चिन्हं उमटतात. फाइलची पीडीएफ आदल्या दिवशीच सभागृहातल्या संगणकावर उघडून बघा.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या परिसंवादात बक्षिसं असतील आणि परीक्षक बसणार असतील, तर फक्त तिच्यासाठी अशी खास ओळख करणं इतरांवर अन्याय आहे. तेव्हा सगळ्यांची ओळख याच साच्यात करा: विषयाची दोन वाक्यं, एक प्रश्न, काम कुठे केलं, शीर्षक, नाव. लांबीही सारखी ठेवा. काही स्पर्धांत वक्त्याचं कॉलेज परीक्षकांना सांगायचं नसतं, ते आयोजकांना आधी विचारून घ्या. खरं तर स्पर्धा नसली तरी सगळ्यांना एकच साचा वापरणं चांगलं, कारण मग तिला वेगळं वागवलंय असं कोणालाच, अगदी तिलाही, वाटत नाही.

भाषेचं तसंच. पेपर इंग्रजीत असेल आणि तिची भीती प्रश्नोत्तरांच्या इंग्रजीची असेल, तर तिच्यापुरती सवलत जाहीर करू नका. सत्र सुरू होतानाच सांगा, "प्रश्न आणि उत्तरं मराठी, कोकणी, इंग्रजी, कुठल्याही भाषेत चालतील." हे सगळ्यांसाठी आहे म्हटल्यावर तिला तो आधार कोणाच्या डोळ्यांवर न येता मिळतो.

आणि तिचं अडखळणं भीतीमुळे नसून मुळातच बोलताना शब्द अडकत असतील, तर माझा वरचा सल्ला तसाच लावू नका. हे आधी सांगायचं का, कोणी सांगायचं, हे सर्वस्वी तिने ठरवायचं. अशी काही मुलं स्वतःच पहिल्या वाक्यात सांगून मोकळी होतात, आणि नंतर निवांत बोलतात. तसं तिला हवं असेल तर तुमची ओळख तिला तेवढी जागा देऊन थांबली पाहिजे, आणि तिला वेळ थोडा वाढवून मिळेल हे सत्राध्यक्षांशी बोलून ठेवलं पाहिजे.

एवढं करूनही ती मध्येच ब्लँक झाली तर? त्यासाठी भेटाल तेव्हाच एक फोटो ठरवून ठेवा, मानशीचा समजा, आणि तो शक्यतो दुसऱ्या स्लाइडवर असू द्या. ती थांबली की पाच-सहा सेकंद काहीच करू नका. व्यासपीठावर हा वेळ फार मोठा वाटतो, पण श्रोत्यांना ती श्वास घेतेय एवढंच दिसतं, आणि पुष्कळदा तेवढ्यात धागा सापडतो. नाहीच सापडला तर जागेवरूनच, साध्या आवाजात म्हणा, "तो मानशीचा फोटो आम्हाला दाखवा ना." पुढचं वाक्य सुचवू नका, "टेन्शन घेऊ नको" म्हणू नका, टाळ्या तर मुळीच वाजवू नका. फोटो पडद्यावर आला की सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून हटतात, आणि फोटोत काय आहे हे सांगता सांगता ती पुन्हा रुळावर येते.

पेपर संपल्यावर तुमचं एक काम उरतं. आपल्याकडे पहिला प्रश्न बहुधा पुढच्या रांगेतल्या एखाद्या ज्येष्ठांचा असतो, आणि तो प्रश्न कमी, वक्तव्य जास्त असतं. त्याने नवखा वक्ता गांगरतो. म्हणून पहिला प्रश्न सत्राध्यक्षांनी विचारावा, अशी त्यांना आधीच विनंती करून ठेवा. प्रश्न सोपा नसावा, पण तिने प्रत्यक्ष केलेल्या कामातला असावा. उदाहरणार्थ, "तिथल्या शेतकऱ्यांपैकी कोणाचं बोलणं तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि का?" याचं उत्तर पुस्तकात नाही, तिच्या वहीत आहे. ते देताना तिचा आवाज मोकळा होतो, आणि मग ज्येष्ठांचा प्रश्न आला तरी ती उभी राहून ऐकू शकते.

आज सोमवार-मंगळवार असेल तर तिला उद्याच सभागृहात बोलवा. ओळख तिला आधी वाचून दाखवा आणि एखादं वाक्य नको म्हणाली तर कारण न विचारता काढून टाका. मग तुम्ही ओळखीची शेवटची दोन वाक्यं म्हणा, ती तिची पहिली दोन म्हणू दे, आणि सांधा जुळेपर्यंत तेवढंच तीन-चार वेळा करा. अख्ख्या पेपराची तालीम पुन्हा घेऊ नका.